जुना राउटर वरच्या मजल्यावर: वॅन पोर्ट रिकामा ठेवल्याची गोष्ट

पहिली संध्याकाळ. वरच्या खोलीत वायफायची एक काडी येते नि जाते. कपाटात एक जुना राउटर पडून होता आणि खालून वर केबल आधीच ओढलेली होती. केबल सरळ त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत येतं त्या पोर्टात खुपसली आणि पाच मिनिटांत वर नेट सुरू झालं. फारच सोपं गेलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

लॅपटॉपवरून प्रिंट द्यायला गेलो तर प्रिंटर यादीतच नाही. फोनवरून खालच्या टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा, तर टीव्हीही गायब. लॅपटॉपचा पत्ता होता `192.168.0.101`, खालची सगळी मंडळी मात्र `192.168.1.x` मध्ये. म्हणजे जुन्या राउटरने वर वेगळा सबनेट, पत्त्यांचा वेगळा गट, उभा केला होता. गंमत म्हणजे प्रिंटरचा पत्ता हाताने टाकून पिंग केलं तर उत्तर येत होतं. वरून खाली वाट होती, पण ही उपकरणं एकमेकांना शोधतात ती आपल्या सबनेटात हाक मारून, आणि ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही. खालून वर तर वाटच बंद, कारण राउटरचं नॅट वरची सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे लपवतं.

दुसरी संध्याकाळ. आता राउटरचं राउटरपण काढायचं. उरायला हवा फक्त स्विच आणि वायफायचा रेडिओ. काही राउटरांत यासाठी 'Access Point' मोड असतो. एका निवडीत काम होतं. माझ्या जुन्यात तो नाही, म्हणून हाताने.

मुख्य राउटर `192.168.1.1` वर आहे आणि `192.168.1.100` ते `192.168.1.199` हे पत्ते वाटतो. जुन्याला बाकी नेटवर्कपासून तोडून लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टाला, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टाला लावला. आधी त्याचा लॅन पत्ता बदलून `192.168.1.2` केला, म्हणजे वाटपाच्या टप्प्याबाहेरचा. मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर बंद केला. यानंतर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी उरत नाही आणि तो `169.254` ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. मी क्षणभर घाबरलो; लॅपटॉपला हाताने `192.168.1.10` दिल्यावर पान पुन्हा उघडलं.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्यासारखाच ठेवला. चॅनेल मात्र वेगळा: खाली १, वर ६. शेवटी खालून आलेली केबल लॅन पोर्टात लावली. वॅन पोर्ट रिकामा. प्रिंटर दिसला, टीव्ही दिसला, लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर टाकला.

चौथा दिवस. सकाळी वीज जाऊन आली आणि घरात तक्रारी सुरू. एका फोनवर नेट आहे, दुसऱ्यावर वायफाय जोडलेलं पण नेट नाही. वरच्या राउटरची रेंज कमी पडत असेल म्हणावं, तर बंद पडलेल्यांत खालच्या राउटरला चिकटलेला लॅपटॉपही होता. त्यावर हे चालवलं:

```
ipconfig /all
```

`Default Gateway` आणि `DHCP Server`, दोन्हींसमोर `192.168.1.2`! जुन्याचा डीएचसीपी पुन्हा जिवंत झाला होता. त्याच्या पानात डीएचसीपी बंद केल्यावर वर एक बारीक ओळ येते, 'सेव्ह करून रीबूट करा' अशा अर्थाची. ती मी वाचलीच नव्हती. बदल चालू होता, पण साठवलेला नव्हता. वीज गेली तशी तो पुसला गेला.

आता दोन्ही मजले एकच नेटवर्क असल्यामुळे पत्ता मागणारी हाक दोन्ही राउटरांना ऐकू जाते आणि बहुतेक उपकरणं आधी आलेलं उत्तर धरतात. जुन्याचं उत्तर धरलं की सगळी वाहतूक त्याच्याकडे, आणि त्याच्या वॅनला तर काहीच जोडलेलं नाही. कुठलं उपकरण अडकेल याला म्हणून काही नियमच राहत नाही. भरीला वाटपाचे टप्पेही सारखे, त्यामुळे दोन उपकरणांना एकच पत्ता मिळण्याचीही सोय झालेली.

डीएचसीपी पुन्हा बंद केला, सेव्ह केलं, मग मुद्दाम प्लग काढून परत लावला आणि सेटिंग टिकलंय का ते पाहिलं. अडकलेल्या फोनांचं वायफाय बंद-चालू केलं. लॅपटॉपवर `ipconfig /release` आणि `ipconfig /renew`. सगळ्यांचा गेटवे आता `192.168.1.1`.

सध्याची स्थिती. वर वेग ९४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. दोष हवेतला नाही. जुन्याचे पोर्टच १०० चे आहेत. दुसरी कटकट अशी की जिना चढून वर आलं तरी फोन खालच्या मरतुकड्या सिग्नलला लोंबकळत राहतो, कारण कुठल्या राउटरला धरायचं हे फोन ठरवतो. खालच्या राउटरची प्रक्षेपणशक्ती एक पायरी कमी केली आहे. आता फोन जिन्याच्या वळणावरच उडी मारतो, जुना टॅबलेट मात्र अजून हट्ट सोडत नाही.