शनिवारी रात्री हाती येणारे पैसे

"मामा, सेव्हिंग खात्यात पैसे ठेवले की महागाई खाते. मग पगार सुरू झाल्या झाल्या एसआयपी का नको? आधी इमर्जन्सी फंडच का?"

माझ्या भाच्याचा प्रश्न आहे हा. तुमच्यापैकीही बरेच जण विचारता, म्हणून त्याच्याशी झालेलं बोलणंच लिहितो.

तो भांडुपला भाड्याने राहतो, पगार हातात साठ हजार. महिन्याला पंधरा हजार इक्विटी फंडात टाकायचे असं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, "शनिवारी संध्याकाळी बाबांना अ‍ॅडमिट करावं लागलं आणि हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं, तर?"

"अ‍ॅपवरून युनिट विकेन."

"कधी मिळतील पैसे?"

तो गप्प झाला. शनिवारी टाकलेल्या विक्रीला सोमवारचा भाव लागतो आणि इक्विटी फंडाचे पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी, म्हणजे बुधवारी खात्यात येतात. मध्ये सुट्टी आली तर आणखी पुढे. कॅशलेस मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट मात्र त्याच रात्री भरावं लागतं. पैसे असणं आणि ते वेळेला हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"मग तेवढ्यापुरतं क्रेडिट कार्ड वापरेन," तो म्हणाला. वापर की, पण बिलाच्या तारखेला पूर्ण रक्कम भरता आली तरच. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागणारी कार्डं सर्रास आहेत. दीड लाख थकले तर एका महिन्याचं व्याज सव्वापाच हजार, वर जीएसटी वेगळा.

माझी खरी काळजी हॉस्पिटलपेक्षा नोकरीची आहे. मंदी आली की बाजार आणि नोकऱ्या एकाच वेळी घसरतात. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300च्या वर होता, 23 मार्चला तो 7,600च्या आसपास आला. पगारकपात आणि नोकरकपात सुरू झाली ती त्याच काळात. म्हणजे ज्या महिन्यात भाड्यासाठी युनिट विकावे लागणार, त्याच महिन्यात त्यांचा भाव पडलेला असणार. पुढे बाजार वर आला हे खरं, पण विकून टाकलेले युनिट त्याच्याबरोबर वर येत नाहीत. शिवाय वर्षाच्या आत विकलं तर बऱ्याच फंडांत एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, लागतं, आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं, हे अनेकांना विकताना कळतं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. पगार थांबला तरी थांबणार नाही असाच खर्च लिहायला लावला: भाडं, किराणा, वीज, मोबाइल, ट्रेनचा पास, गावी पाठवायचे पैसे, लॅपटॉपचा हप्ता. बेरीज झाली चौतीस हजार. त्यात मी दोन हजार वाढवले, कारण कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो आणि स्वतःची पॉलिसी तेव्हा तरी हवीच. छत्तीस हजार गुणिले सहा महिने, म्हणजे दोन लाख सोळा हजार. आईवडील त्याच्यावर अवलंबून आहेत म्हणून सहा. घरात दुसरा पक्का पगार असता तर मी तीनवरही थांबलो असतो.

"म्हणजे पंधराच्या पंधरा हजार इमर्जन्सी फंडात टाकत सव्वा वर्ष बाजाराबाहेर?" त्याला ते फार लागलं. तेही मांडून पाहिलं. इक्विटीत बारा टक्के मिळाले असते असं धरू आणि इथे सहा मिळतील. रक्कम हळूहळू साठत असल्यामुळे सरासरी शिल्लक लाखाच्या जरा वर, तेव्हा सव्वा वर्षात हुकतात साधारण साडेसात-आठ हजार. कार्डावर दीड लाख दोन महिने थकले तर याहून जास्त जातात. महागाई खाते हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ही त्या सोयीची किंमत आहे आणि ती मला परवडणारी वाटते.

पैसे कुठे ठेवायचे? एका महिन्याचा खर्च सेव्हिंग खात्यात, पण पगाराच्या खात्यात नाही, दुसऱ्या बँकेत. म्हणजे यूपीआयवर सहज उडत नाहीत. दोन महिन्यांचा खर्च मोडता येईल अशा एफडीत. मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल शाबूत राहते. टॅक्स वाचवणारी पाच वर्षांची एफडी इथे चालत नाही, ती मोडताच येत नाही. उरलेल्या तीन महिन्यांचा खर्च लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात. तिथे कामाच्या दिवशी तीनच्या आत विक्री टाकली तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. काही फंडांत लगेच पैसे मिळण्याची सोय असते, पण दिवसाला पन्नास हजार किंवा शिलकीच्या नव्वद टक्के, यातलं जे कमी असेल तेवढेच. म्हणून शनिवारी रात्रीचा भरवसा लिक्विड फंडावर नको, खात्यातल्या रकमेवर ठेवायचा.

शेवटी त्याने विचारलं, "तीन महिन्यांचे साठले की अर्धे-अर्धे करू का?" मी हो म्हटलं. तोपर्यंत पंधराच्या पंधरा हजार इकडे. त्यानंतर साडेसात इकडे, साडेसात एसआयपीत. आणि इमर्जन्सी फंडातून कधी रक्कम काढावी लागली, तर ती भरून निघेपर्यंत एसआयपी थांबवायची.