फोटोत दिसतं तेवढंच

मंगळवार, रात्र

संध्याकाळी एक फोटो आला. खाली एकच ओळ: 'आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, चार ओळी लिहून द्या.' नावं नाहीत, कितवा वाढदिवस तेही नाही. विचारून पाहिलं, उत्तर आलं नाही. मजकूर उद्या सकाळीच हवा आहे.

फोटोत सहा जण. बाकावर वयस्क जोडपं, मागे तिघं उभी, पुढे एक लहान मुलगी. बाकावरचे दोघं हेच आईवडील, एवढं एकच मी धरून चालले. हात मात्र सवयीने 'चाळीस वर्षांचा संसार' लिहून गेला, कारण केस पांढरे दिसले. लगेच खोडलं. केस लवकर पिकतात, लग्नं उशिरा होतात. मग 'नातीसोबत' खोडलं. मागच्या तिघांत लेक कोण, सून कोण, जावई कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही, तर ती मुलगी नात आहे हे तरी कशावरून? अशा मजकुरात एक नातं चुकलं की बाकीच्या ओळी कितीही चांगल्या असोत, वाचणाऱ्याचं मन तिथेच अडतं.

मग फोटो मोठा करून नुसता बघत बसले. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. आई मात्र काहीतरी बोलतेय आणि वडिलांनी कान तिच्याकडे नेलाय. किती सुंदर! मजकूर मिळाला.

खरी अडचण पुढेच होती. फोटो पाठवणारा मुलगा की मुलगी, माहीत नाही. म्हणजे 'मी बघतो' नको, 'मी बघते'ही नको. कित्येक घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणतात, काही घरांत दोघांनाही 'तू'. 'तुम्ही दोघं' म्हटलं की ते सुटतं. 'आम्ही सगळे'ही टाळलं, कारण फोटो काढणारी व्यक्तीच पाठवणारी असू शकते. 'सुखी राहा' हा आशीर्वाद झाला, तो लेकरांनी आईवडिलांना कसा द्यायचा? तिथे नमस्कार घातला.

शेवटी हे उतरलं:

'आई, बाबा, या फोटोत बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. तुम्ही दोघं मात्र तुमच्याच बोलण्यात. एकाचं हळूच काही सांगणं, दुसऱ्याचं मान कलती करून ऐकणं. काय चाललं होतं ते तुम्हालाच ठाऊक. लग्नाच्या वाढदिवशी तुम्हा दोघांना मनापासून नमस्कार. हे बोलणं असंच चालू राहू दे.'

'आजही' हा शब्द दोनदा जिभेवर आला, दोन्ही वेळा आवरला. फोटो कधीचा आहे कुणास ठाऊक.

पाठवताना खाली लिहिलं: 'आई, बाबा'च्या जागी तुमच्या घरची हाक घाला. आणि आई तेव्हा काय सांगत होत्या हे आठवत असेल, तर 'तुम्हालाच ठाऊक' खोडून तेच लिहा.