तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रावरून मूल कळतं का?

"मुलांकडून माणसाचं चित्र तर तुम्ही काढून घेता, मग रिपोर्टमध्ये त्याचा अर्थ का लिहीत नाही?"

पालक विचारतात, शिक्षक विचारतात, आणि मुलांचं मानसिक मूल्यमापन करणारे माझ्याच क्षेत्रातले लोक विचारतात तेव्हा त्यात थोडी तक्रारही असते. आजवर मी "पुरेसा आधार नसतो" एवढंच म्हणून विषय संपवत आले. त्यावरून काहींनी मला घाबरट ठरवलं, तर काहींना वाटलं की मुलांच्या मनापेक्षा मला आकडे प्रिय आहेत. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

माझ्याकडे आलेल्या एका सात वर्षांच्या मुलीपासून सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती येण्याआधी तिचं मूल्यमापन दुसरीकडे झालं होतं. तिथे तिच्याकडून एकच चित्र काढून घेतलं होतं, माणसाचं. डोकं मोठं, तोंडात दात, धड पेन्सिलीने गडद रंगवलेलं, आणि दोन्ही हात मनगटाशी संपलेले, पुढे पंजेच नाहीत. रिपोर्टमध्ये या प्रत्येक गोष्टीपुढे अर्थ लिहिला होता. पंजे नाहीत म्हणजे असहायता आणि अपराधभाव. दात म्हणजे आक्रमकता. काळं धड म्हणजे शरीराविषयीची चिंता. शेवटची ओळ अशी होती की घरात लैंगिक अत्याचार होत असल्याची शक्यता तपासावी.

शक्यता तपासावी म्हटल्यावर ती तपासली जाणारच, आणि तपासलीच पाहिजे. चौकशी संपेपर्यंत वडिलांना वेगळं राहायला सांगण्यात आलं. एकामागून एक मोठी माणसं मुलीला प्रश्न विचारत राहिली. माझ्यासमोर बसली तेव्हा मी कागद पुढे करायच्या आतच ती म्हणाली, "मी चित्र नाही काढणार. मागच्या वेळी काढलं तर बाबा गेले."

मी कागद बाजूला ठेवला. पुढच्या भेटींत आम्ही मणी ओवले, बटणं लावली, आकार पाहून काढले. वर्तुळ जमलं. चौकोनाचे कोपरे गोल झाले. पाच-सहा वर्षांच्या मुलांना सहसा जमणारा त्रिकोण तिला तीन प्रयत्नांतही बंद करता आला नाही. पेन्सिल ती मुठीत धरायची आणि इतकी दाबायची की मागच्या पानावर वळ उठायचे. बऱ्याच दिवसांनी तिने आपणहून एक माणूस काढला. हात पुन्हा मनगटाशी थांबले. मी फक्त म्हटलं, "मला याच्याबद्दल सांग ना." ती म्हणाली, "बोटं मला येत नाहीत. सगळी चिकटतात. म्हणून मी काढतच नाही." धड गडद होतं कारण त्या माणसाने स्वेटर घातला होता. दात होते कारण तिचे स्वतःचे पडत होते आणि त्या दिवसांत घरात तोच मोठा विषय होता. ऑक्युपेशनल थेरपिस्टने तपासलं तेव्हा हातांच्या बारीक हालचाली जुळवण्यातली अडचण स्पष्ट झाली. एवढ्याशा जागेत पाच छोट्या रेषा वेगवेगळ्या काढणं हेच तिच्यासाठी सगळ्यात अवघड काम होतं.

इथे मला कुणी घाईने टाळी देऊ नये. पंजे का नव्हते हे कळलं म्हणजे घरात काही घडलं नव्हतं हे सिद्ध होत नाही. चौकशीत काही निघालं नाही, पण ते उत्तर चौकशीने दिलं, चित्राने नव्हे. त्या चित्राच्या जिवावर वडिलांना दोषी म्हणता येत नव्हतं, तसंच निर्दोषही म्हणता येत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता त्या रिपोर्टमधले अर्थ आले कुठून? कॅरेन मॅकओव्हर यांनी १९४९ मध्ये मांडलं की माणूस काढताना आपण स्वतःलाच कागदावर उतरवतो, आणि प्रत्येक अवयवाला एकेक अर्थ जोडला. एलिझाबेथ कोपिट्झ यांनी १९६८ मध्ये मुलांसाठी तीस भावनिक खुणांची यादी केली. छाटल्यासारखे हात आणि दात दोन्ही त्यात आहेत. पण कोपिट्झ यांनी एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये असं बजावलं होतं, आणि काही खुणा ठरावीक वयाआधी धरायच्याच नाहीत असंही सांगितलं होतं. धड गडद करणं ही त्यांच्यापैकीच एक खूण. मुलींच्या बाबतीत ती आठव्या वर्षापासून मोजायची. आमची मुलगी सात वर्षांची होती. म्हणजे ज्या यादीचा आधार घेतला, ती यादीही नीट वाचली गेली नव्हती. आणि नीट वाचली असती तरी पुढच्या अभ्यासांत या खुणा त्रासातल्या आणि बाकीच्या मुलांना भरवशाने वेगळं करू शकल्या नाहीत.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे अनुभव. "इतकी वर्षं चित्रं बघतोय, आम्हाला दिसतं." दिसतं, यात शंका नाही. लोरेन आणि जीन चॅपमन यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना माणसांची चित्रं दाखवली. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याची लक्षणं लिहिली होती, आणि चित्रं व लक्षणं यांच्या जोड्या मुद्दाम संबंध नसेल अशा लावल्या होत्या. तरीही संशयी माणसं डोळे वेगळे काढतात, असं विद्यार्थ्यांना 'दिसलं'. अनुभवी चिकित्सक जे संबंध सांगत होते, तेच यांनाही सापडले. संबंध त्या कागदांत नव्हताच, तो बघणाऱ्याच्या मनात आधीपासून होता. हा प्रयोग वाचला तेव्हा मला राग आला होता, हे मान्य करते. शिकत असताना मला अगदी मनापासून वाटायचं की ज्या मुलाला बोलता येत नाही ते चित्रात बोलतं. त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. मूल चित्रात बोलतंही. पण काय बोलतंय हे आपल्याला परस्पर कळतं, हा दावा वेगळा आहे.

हिशेब करून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा हजार मुलं आहेत आणि त्यांतली पन्नास खरोखर गंभीर त्रासात आहेत. एखादी खूण त्रासातल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांच्या चित्रात दिसते आणि बाकीच्यांपैकी पंधरा टक्क्यांच्या. ऐकायला ही खूण चांगली वाटते, जवळजवळ तिप्पट फरक आहे. पण मुलं मोजली की त्रासातली वीस सापडतात आणि त्यांच्यासोबत त्रास नसलेली सुमारे एकशे बेचाळीस. खूण दिसलेल्या आठ मुलांत जेमतेम एक खरं. शिवाय ज्या तीस मुलांना मदत हवी होती त्यांच्या चित्रात काहीच दिसलं नाही. मला या तीस मुलांची जास्त काळजी वाटते, कारण 'चित्र नॉर्मल आहे' म्हणून त्यांना घरी पाठवलं जातं.

बुद्धीचंही तसंच. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये चित्रातल्या तपशिलांना गुण देऊन बुद्धी मोजायची पद्धत आणली. वयाबरोबर तपशील वाढतात हे खरं, आणि बुद्धीशी थोडा संबंधही आढळतो. पण तो इतका ढिला आहे की एका मुलाच्या बाबतीत त्यावरून आकडा सांगणं अन्यायाचं ठरतं. बोटं न जमणाऱ्या त्या मुलीचा आकडा काय आला असता, याची कल्पना करा.

शाईच्या डागात काय दिसतं ते विचारणाऱ्या चाचणीबद्दल लोक जरा दबकून विचारतात, कारण ती भारदस्त वाटते. हर्मन रोर्शाख यांची दहा कार्डं, १९२१ सालची, आणि नंतर जॉन एक्सनर यांनी बसवलेली गुणांकनाची काटेकोर पद्धत. उत्तरं मोजली जातात, टेबलं भरली जातात. पण मुलाचं टेबल कुणाशी ताडायचं, तिथेच अडतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा ते बारा वर्षांच्या शंभर मुलांना ही चाचणी दिली. मुलं निवडलीच होती ती कुठला त्रास नसलेली. एक्सनर यांच्या निकषांवर ताडल्यावर त्यांतली बरीच मुलं गंभीर आजारी दिसू लागली, जणू विचारांत गोंधळ आणि वास्तवाचं भान सुटलेलं. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या मुलांचे निकाल एकत्र केले तर ते एकमेकांशी इतके जुळेनात की मुलांसाठी हे निकष वापरू नयेत असं ती पद्धत मानणाऱ्यांनीच सुचवलं. विस्कळीत विचार ओळखायला डागांचा काही उपयोग होतो, असं सांगणारा पुरावा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण आठ वर्षांच्या मुलाने डागात चिरडलेलं फुलपाखरू पाहिलं म्हणून मी त्याला नैराश्य आहे असं लिहिणार नाही.

मग चित्र काढून घेतेच कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एक तर अनोळखी खोलीत मुलाला हातात काहीतरी हवं असतं. दुसरं, काढत असताना जे दिसतं ते कामाचं असतं: पेन्सिल कशी धरली, किती खोडलं, न जमल्यावर चिडलं की मदत मागितली, किती वेळ टिकलं. हे मी रिपोर्टमध्ये निरीक्षण म्हणून लिहिते आणि त्याला अर्थ चिकटवत नाही. एका चित्रावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं काढून घेते, सोबत घर, सायकल, नुसते आकार. एका दिवशी आलेली खूण दुसऱ्या दिवशी नसेल तर ती मुलाविषयी फारसं सांगत नाही. सगळीकडेच बारीक रेषा बिघडत असतील तर मी आधी हात आणि डोळे तपासायला पाठवते.

चित्राबद्दल विचारताना मी "हे कोण?" एवढं विचारते, "हे बाबा आहेत का?" असं कधीच नाही. काढता काढता मुलं जास्त बोलतात, हे अभ्यासांत दिसलंय. आणि न घडलेली गोष्ट आपण सुचवली व मुलाला तीच काढायला लावली, तर तीही मुलाच्या मनात पक्की बसते, हेही दिसलंय. मुलाने आपणहून काही गंभीर सांगितलं तर त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहायचे, माझा प्रश्नही लिहायचा, उलटतपासणी करायची नाही, आणि बालसंरक्षणाची ठरलेली प्रक्रिया लगेच सुरू करायची. तिथून पुढे वजन त्या शब्दांना असतं, रेषांना नाही.

माझी एक सहकारी मला अजूनही म्हणते, "उद्या एखादं मूल खरंच चित्रातून सांगत असेल आणि तू स्वेटर म्हणून सोडून देशील." तिच्या बोलण्याने मी अस्वस्थ होते. मी तिला सांगते की मी सोडत नाही, विचारते, पुन्हा भेटते, शाळेत आणि घरी वागणं कसं आहे ते बघते. ती म्हणते, आणि तरीही मूल बोललं नाही तर? तर मी रिपोर्टमध्ये लिहिते की काही सांगता येत नाही आणि अमुक आठवड्यांनी पुन्हा भेटायचं आहे. तिला ते पुरेसं वाटत नाही. काही मुलांच्या बाबतीत मलाही वाटत नाही.