वस्तीवरचं इंटरनेट: ठराव अडला तो एका प्रश्नावर

सरपंचांना पटलं होतं, सदस्यांना पटलं होतं, वस्तीवरच्या १४ घरांच्या सह्या होत्या. तरी आमचा अर्ज चार मासिक सभा पुढं ढकलला गेला. ग्रामसेवक भाऊसाहेबांचा एकच प्रश्न असायचा, "परवाना कुठंय?" आठवलं की अजून चीड येते.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि दोन किलोमीटरवर आमची वस्ती. गावात फायबर आहे, वस्तीवर मोबाईलला धड रेंज नाही. मागणी एवढीच होती की पंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर गावातलं इंटरनेट लहरींनी वस्तीकडं पाठवणारी एक डिश बसवू द्या. समोर आमच्या स्लॅबवर दुसरी डिश, तिथून वस्तीवर वायफाय, आणि गावातल्या एकाच कनेक्शनचा खर्च सगळ्यांनी मिळून.

पहिल्यांदा मी ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना नेली. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत, आमची डिश चालते त्या ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परवाना लागत नाही, असं त्यात आहे. मला वाटलं, संपलं. भाऊसाहेब म्हणाले, "हे लहरींचं झालं. पैसे घेऊन लोकांना इंटरनेट देणार, त्याचं काय?" मी रागानं उठून आलो.

महिनाभरानं कळलं की प्रश्न बरोबर होता. डिशला परवाना नको, पण घरगुती कनेक्शन विकत वाटता येत नाही. त्याची वाट पीएम-वाणी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत वायफाय देणाऱ्याला, म्हणजे पीडीओला, परवाना किंवा नोंदणी लागत नाही. मात्र त्याला दूरसंचार विभागाकडं नोंदलेल्या पीडीओएशी, म्हणजे अशा पीडीओंना एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यावं लागतं. लॉगिन आणि हिशेब ती कंपनी सांभाळते.

हे सांगितल्यावर भाऊसाहेब पहिल्यांदा मोकळं बोलले. उद्या कुणी त्या वायफायवरून काही उद्योग केला, तर पोलीस ठरावावरची सही बघणार, ही त्यांची खरी धास्ती होती. कोण कधी जोडला याची नोंद राहते म्हटल्यावर पाचव्या सभेत ठराव झाला. म्हणून अर्जात 'पंचायतीनं इंटरनेट द्यावं' असं लिहू नका. 'टाकीवर उपकरण बसवायला जागा द्यावी, सेवा पीडीओ देईल, विजेचा खर्च वस्ती भरेल' असं स्पष्ट लिहा. आमचे तीन महिने त्या एका वाक्यानं वाचले असते.

एक राहिलंच. समोरची टाकी डोळ्यांना दिसली म्हणजे झालं असं नाही. दोन किलोमीटरच्या मध्यावर दोन्ही डिशना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या चहूबाजूंनी निदान तीन मीटर मोकळं लागतं. आम्ही मार्चात तपासणी केली तेव्हा वाटेतला लिंब निष्पर्ण होता आणि सिग्नल −५८ डीबीएम होता; हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. पालवी भरल्यावर तो −७१ वर आला आणि संध्याकाळी व्हिडिओ अडकायला लागले. लिंब तोडायचा नव्हता. स्लॅबवरचा खांब तीन मीटरनं उंच केला, तेव्हा −६० वर थांबला.