सोन्यावरचं कॅल्शियम, जे कधी नव्हतंच

सिरॅमिकच्या पट्टीवर निकेल, त्यावर सोन्याचा मुलामा, असे आमचे छोटे पॅड. ओव्हनमधून बाहेर आले की त्यांच्यावर तार चिकटेना. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या क्ष-किरण तपासणीत सोनं आणि निकेल दोन्ही दिसले. ते दिसणारच, कारण ती तपासणी साधारण एक मायक्रॉन खोलवरचं सगळं वाचते आणि आमचा सोन्याचा थर त्याच्या दहाव्या भागाइतका. घोटाळा होता तो अगदी वरच्या काही अणुथरांत. म्हणून ओझे स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे पृष्ठभागातून निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून मूलद्रव्य ओळखणं. हे पिएर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव (1923). लीझे माइटनर यांनी इलेक्ट्रॉन निसटण्याचा हाच परिणाम एक वर्ष आधी मांडला होता, पण नाव ओझेंचं पडलं. पुढचे दोन महिने ते मराठी अर्थानेही ओझंच होतं.

अर्ज, मंजुरी, पैसे हे सगळं बिनबोभाट झालं. अर्जात एक रकाना होता: नमुना वीजवाहक आहे का? वर सोनं आहे, म्हणून मी बेधडक 'हो' वर खूण केली. पुढचा सगळा मनस्ताप त्या एका खुणेचा.

अहवाल आला. त्यात 292 इलेक्ट्रॉन व्होल्टला ठळक शिखर, आणि सॉफ्टवेअरने त्यावर चिठ्ठी लावलेली: कॅल्शियम. 523 च्या शिखरापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. मला प्रश्नचिन्ह दिसलंच नाही. कॅल्शियम म्हणजे जड पाणी, म्हणजे मुलामा देणाऱ्याने पॅड बोअरच्या पाण्यात धुतले! तक्रारीचं पत्र लिहून तयार होतं.

ते पाठवण्याआधी उपकरण चालवणाऱ्या मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "कार्बन कुठे गेला?" हवेत राहिलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर कार्बन आणि ऑक्सिजन असतातच. माझ्या आलेखात दोन्ही गायब होते.

मग त्यांनी कार्बनचाच हिशेब मांडला. बाहेरून मारलेला इलेक्ट्रॉन कार्बनच्या आतल्या के कवचातला इलेक्ट्रॉन उडवतो. त्या पोकळीत बाहेरच्या एल कवचातला एक इलेक्ट्रॉन उतरतो. उतरताना उरलेली ऊर्जा क्ष-किरण म्हणून बाहेर पडू शकते, किंवा ती शेजारच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तोच बाहेर निसटतो. के पातळी सुमारे 284 व्होल्ट खोल आहे. बाहेरच्या दोन इलेक्ट्रॉनांच्या बंधनाचे थोडे थोडे व्होल्ट वजा केले की 272 च्या आसपास उरतात. या वजाबाकीत सगळे आकडे अणूच्या स्वतःच्या पातळ्यांचे. मारलेला इलेक्ट्रॉन तीन हजार व्होल्टचा होता की पाच हजारचा, हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून त्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येतं. आणि एवढ्या कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन काही अणुथरांपलीकडून आला तर वाटेतच ऊर्जा गमावतो. शिखरात टिकतात ते वरच्या थरांतलेच.

"मग मारलेल्या इलेक्ट्रॉनांच्या शलाकेची ऊर्जा बदलून बघू," त्या म्हणाल्या. पाच हजारांवरून तीन हजारांवर आणल्यावर 'कॅल्शियम' 283 ला सरकलं. खरं ओझे शिखर असं जागा सोडत नाही. माझे पॅड सिरॅमिकवर सुटे बेटांसारखे होते, जमिनीशी जोडलेले नव्हते. त्यांच्यावर ऋण भार साचत होता आणि तो बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला सारखाच जादा धक्का देत होता. पहिल्या आलेखात तो 20 व्होल्टचा: कार्बन 272 चा 292 ला, ऑक्सिजन 503 चा 523 ला. दोघांतलं अंतर मात्र 231 च. ते मी मोजलं असतं तर पत्र लिहिलंच नसतं.

दुसऱ्या पाळीसाठी पुन्हा पैसे आणि पुन्हा तीन आठवडे. या वेळी पॅडपासून नमुना ज्यावर बसवतात त्या धातूच्या स्टबपर्यंत वाहक चिकटपट्टी लावली, आजूबाजूचं सिरॅमिक अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकलं. कार्बन 272 ला बसला, ऑक्सिजन 503 ला, आणि 848 ला निकेल. आर्गॉन आयनांनी थोडं खरवडल्यावर कार्बन-ऑक्सिजन गेले, निकेल कमी झालं, 69 चं सोनं वाढलं; आणखी खाली निकेल परत आलं. ओव्हनच्या उष्णतेत निकेल सोन्याच्या कणांमधल्या फटींतून वर चढून ऑक्साइड झालं होतं. मुलामा देणारा पाण्याच्या बाबतीत निर्दोष.

नमुना बोटांनी धरू नका, प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका. स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळा. हायड्रोजन दिसला नाही म्हणून भांडू नका: या खेळाला तीन इलेक्ट्रॉन लागतात, त्याच्याकडे एकच आहे. त्या रकान्यात आता मी 'वरून हो, खालून नाही' असं पेनने लिहितो. कारकून दर वेळी तो अर्ज परत करतो, आणि मी दर वेळी तसाच पुन्हा देतो.