केळ्याचा वास येईपर्यंत

आमची शाळा गिरगावात, मराठी माध्यमाची. दहावीच्या मुलांना अल्कोहोल आणि आम्लापासून होणाऱ्या एस्टरचा प्रयोग दाखवायचा होता. साधारणपणे इथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल घेतात, पण त्यातून होणाऱ्या इथाइल ॲसिटेटचा वास नेलपॉलिश रिमूव्हरसारखा येतो. फळाचा वास यावा म्हणून मी इथेनॉलऐवजी आयसोअमाइल अल्कोहोल घ्यायचं ठरवलं. ते आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानातून आणलं. या दोघांपासून आयसोअमाइल ॲसिटेट होतं, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासात मोठा वाटा त्याचाच असतो.

जुलै महिना होता. प्रयोगशाळेतले मामा टेस्ट ट्यूब धुऊन स्टँडवर उलट्या ठेवतात, पण पावसाळ्यात त्या आतून काही वाळत नाहीत. या प्रयोगाला ते चालत नाही. अल्कोहोल आणि आम्लापासून एस्टर होताना पाणीही तयार होतं, आणि ही क्रिया उलटही चालते: पाणी असेल तर एस्टर फुटून पुन्हा अल्कोहोल आणि आम्ल होतं. मी दोन मिली अल्कोहोल घेणार होते. नळीत पाण्याचे चारच थेंब राहिले, तरी त्यातले पाण्याचे रेणू त्या अल्कोहोलच्या रेणूंच्या निम्म्याहून जास्त भरतात. म्हणून आदल्या दिवशीच सगळ्या नळ्या ओव्हनमध्ये वाळवून बूच लावून ठेवल्या.

प्रमाणाचा विचारही याच कारणाने केला. अल्कोहोल आणि आम्लाचे रेणू समसमान घेतले, तर क्रिया साधारण दोन तृतीयांशावर येऊन थांबते. कितीही वेळ तापवा, पुढे जात नाही. आम्लाचे रेणू तिप्पट घेतले तर नव्वद टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलचं एस्टर होतं. आम्लाचा रेणू लहान, म्हणून तिप्पट रेणू साधारण दीडपट मापातच बसतात. त्या हिशेबाने २ मिली अल्कोहोलला ३ मिली ॲसिटिक आम्ल. आम्लच जास्त घेतलं, कारण उरलेलं आम्ल नंतर धुऊन काढता येतं. उरलेलं आयसोअमाइल अल्कोहोल तसं जात नाही, आणि त्याच्या उग्र वासाने ठसका लागतो.

दोन्ही मिसळल्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाचे पाच-सहा थेंब, नळी हलवत, एकेक करून. नळी तेवढ्यानेही हाताला गरम लागते. हे आम्ल क्रियेचा वेग वाढवतं आणि थोडंफार पाणीही धरून ठेवतं. हे काम मी स्वतःच केलं, चष्मा आणि हातमोजे घालून. मुलांच्या हाती ती बाटली दिली नाही.

तापवायचं ते गरम पाण्याच्या बीकरमध्ये, साधारण ७० अंशांवर, आणि बर्नर आधी बंद करून. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे नळी थेट ज्योतीवर धरायची नाही. तोंडाला कापसाचा सैल बोळा लावला. दहा मिनिटांत मिश्रणाला हलकी पिवळसर झाक आली. ते गडद तपकिरी व्हायला लागलं, तर तापमान जास्त झालं आणि सल्फ्युरिक आम्ल अल्कोहोल जाळतंय असं समजायचं.

एका मुलीने बोळा काढून हाताने वास नाकाकडे ओढून घेतला. "बाई, हे तर व्हिनेगर आहे!"

तिचं बरोबर होतं. एस्टर झालं होतं, पण उरलेल्या ॲसिटिक आम्लाच्या झणक्यापुढे ते जाणवत नव्हतं. प्रयोग फसला असं म्हणून बरेचजण इथेच नळी ओतून टाकतात. आम्ही ते मिश्रण २० मिली गार पाण्यात ओतलं आणि त्यात खायच्या सोड्याचं द्रावण थोडं थोडं घातलं. एकदम घातलं तर फसफसून बाहेर येतं. बुडबुडे थांबले म्हणजे आम्ल संपलं. त्याचं सोडियम ॲसिटेट होऊन पाण्यात विरघळलं आणि त्याला तो झणका नसतो. एस्टर मात्र पाण्यात फारसं विरघळत नाही आणि पाण्याहून हलकं असतं. बीकर तिरका केला तेव्हा वर तेलासारखे चकचकीत थेंब तरंगताना दिसले, एकमेकांना चिकटून मोठे होत होते.

आता वास आला, आणि मागच्या बाकापर्यंत गेला. एक मुलगा म्हणाला, "पण हा केळ्याच्या गोळीचा वास आहे, केळ्याचा नाही." मला हे निरीक्षण फार आवडलं. खऱ्या केळ्यात आयसोअमाइल ॲसिटेटबरोबर इतर कितीतरी पदार्थ थोडे थोडे असतात; गोळीत बहुधा हा एकच मुख्य असतो, आणि आमच्या बीकरमध्येही तो एकटाच होता.

वास एवढा लांब का गेला, हेही त्यांनी विचारलं. अल्कोहोल आणि आम्ल यांच्या रेणूंत ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन असतो आणि त्याच्या जोरावर ते एकमेकांना धरून राहतात. एस्टरमध्ये तो हायड्रोजन उरत नाही, पकड सैल होते आणि रेणू सहज हवेत निसटतात. मधमाश्याही याचा फायदा घेतात: डंख मारताना त्या हेच आयसोअमाइल ॲसिटेट सोडतात आणि इतर माश्यांना धोक्याची खबर मिळते. त्यामुळे बीकर उघडाच घेऊन पोळ्याजवळ जायचं नाही, हे मुलांना बजावून सांगितलं.

अननसाच्या वासाचं इथाइल ब्युटिरेटही करू या, असा मुलांचा हट्ट होता. त्याला नाही म्हटलं. त्याला लागणाऱ्या ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याची दुर्गंधी असते, आणि आमच्या प्रयोगशाळेत वाफ खेचणारं कपाट नाही.