रीतसर मेल

"रीतसर मेल कर, मग बघतो." दादाचं एवढंच उत्तर. दुपारपासून तेच टोचतंय. कुपवाडच्या फाउंड्रीत एकाच डब्यातली भाकरी खाल्लेल्या माणसाला आता मी अर्ज करायचा?

मी विचारलं होतं, "दादा, एमएससाठी रेकमेंडेशन लेटर देशील ना? मीच लिहून पाठवते, तू नुसती सही कर." आमच्यात एवढं चालायचं. पुण्याला गेल्यापासून तो... जाऊ दे.

जेवण झाल्यावर युनिव्हर्सिटीचा फॉर्म उघडला. सहीचा प्रश्नच नाही. मी त्याचा कंपनीचा मेल आयडी भरायचा, लिंक थेट त्याला जाणार आणि पत्र त्यानेच चढवायचं. ते वाचायचा हक्क मी सोडते, असं आधीच टिक करायचं, म्हणजे त्याने मोकळेपणाने लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसतो. शिवाय त्याला विचारणार : हिला किती काळ, कोणत्या नात्याने ओळखता? बरोबरीच्या लोकांत ही कुठे बसते? माझ्या चॅटमध्ये यातल्या कशाचंच उत्तर नव्हतं. तरीही तो 'रीतसर' मला लागतोच आहे.

"आदरणीय दादा, 2021 ते 2023 या काळात आपण क्वालिटीचे प्रमुख असताना मी आपल्या हाताखाली सँड लॅबमध्ये काम केले." ही ओळ लिहिली आणि तो एकदम लांब गेल्यासारखा वाटला. पण फॉर्म भरताना त्याला हीच ओळ लागणार.

पुढे 'मेहनती, प्रामाणिक' लिहिलं आणि खोडलं. ते कुणाबद्दलही लिहिता येतं. त्याऐवजी पंपाच्या केसिंगचं लिहिलं. ब्लो होलमुळे, म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेल्या पोकळ्यांमुळे, माल रिजेक्ट होत होता आणि सगळे मेटलला दोष देत होते. मी पाळीपाळीला साच्याच्या वाळूतला ओलावा मोजून वहीत मांडला. दिवसा साडेतीन टक्के असायचा, रात्रपाळीत पाचाच्या वर जायचा. त्या जादा पाण्याची वाफ कास्टिंगमध्ये अडकत होती. दादाने त्या पानाचा फोटो काढून मीटिंगमध्ये दाखवला होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून तोच ते लिहू शकतो.

मग कोर्सचं नाव, शेवटची तारीख 15 डिसेंबर, जमल्यास 1 डिसेंबरच्या आत चढवावे ही विनंती. सोबत बायोडेटा आणि स्टेटमेंट ऑफ पर्पजचा मसुदा.

शेवटचं वाक्य लिहवत नव्हतं. "मनापासून लिहिणे शक्य नसेल तर निःसंकोच कळवावे, मी दुसऱ्यांना विचारेन." चॅटमध्ये त्याला नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती, आणि भिडेखातर लिहिलेलं कोमट पत्र माझ्याच मुळावर येईल. खरं तर मला याचीच भीती वाटतेय, तो नाही म्हणाला तर? रीतसरपणाचा राग कधीच गेला, हे मात्र उरलंय.

वाक्य ठेवलं. उद्या त्याची पहिली पाळी असेल तर दुपारी तीननंतरच मेल पाठवीन, म्हणजे निवांत वाचेल.